३००३१ चा घोळ

जमलं तर आज एक कागद आणि पेन्सिल जवळ घेऊन बसा. पोळ्या चालू असतील तर नुसतं ऐका, आकडे मी सावकाश सांगेन. गोष्ट सव्वादोन हजार वर्षांपूर्वीच्या एका युक्तिवादाची आहे आणि माझ्या स्वतःच्या एका चुकीचीही आहे. ती चूक मी शाळेत बावीस वर्षं फळ्यावर लिहीत होते.

आधी मूळ संख्या म्हणजे काय, ते पुन्हा आठवू. जिला एकने आणि स्वतःनेच निःशेष भाग जातो, ती मूळ संख्या. २, ३, ५, ७, ११, १३ अशी ती यादी सुरू होते. सहा लाडू दोन-दोनच्या किंवा तीन-तीनच्या सारख्या वाट्यांत घालता येतात, म्हणून सहा ही मूळ नाही. सात लाडूंचं मात्र तसं होत नाही. कसेही वाटे घाला, एक तरी उरतो किंवा कमी पडतो. सात मूळ आहे. एकला या यादीत धरत नाहीत.

यादी पुढे विरळ होत जाते. पहिल्या शंभरात पंचवीस मूळ संख्या आहेत, शंभर ते दोनशेमध्ये एकवीस. मग कुठेतरी ती संपत असेल का? मोठ्या संख्येला भाग घालायला खालच्या इतक्या संख्या तयार असतात, की एका टप्प्यानंतर प्रत्येकीला कोणी ना कोणी भागेलच, असं वाटणं अगदी साहजिक आहे. मुलं दरवर्षी हे विचारायची आणि मी दरवर्षी फळ्यावर हे लिहायचे:

२ × ३ + १ = ७
२ × ३ × ५ + १ = ३१
२ × ३ × ५ × ७ + १ = २११
२ × ३ × ५ × ७ × ११ + १ = २३११

७ मूळ, ३१ मूळ, २११ मूळ, २३११ सुद्धा मूळ. मग मी म्हणायचे, "बघा, माहीत असलेल्या सगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार करायचा, त्यात एक मिळवायचा, की नवी मूळ संख्या तयार! म्हणून यादी संपत नाही." मुलं वहीत उतरवून घ्यायची. तास संपायचा.

निवृत्तीच्या आधीच्या वर्षी एका विद्यार्थिनीची आई शाळेत आली. शिलाईचं काम करायची, स्वतः दहावीला गणितात राहिलेली. हातात बिलबुक होतं आणि त्याच्या पाठकोऱ्या पानांवर आकडेच आकडे. म्हणाली, "बाई, रागावू नका, पण तुमचं पुढचं गणित जमत नाहीये."

"कुठलं पुढचं?"

"पोरीने विचारलं, अकराच्या पुढे तेरा घेतला तर? गुणाकार तीस हजार तीस आला, एक मिळवून तीस हजार एकतीस. पोरगी म्हणाली, ही नवी मूळ संख्या. मी म्हटलं, बघू तरी. मोबाइलवर एकेका आकड्याने भागत बसले. दशांश आला की खोडायचं. एकोणसाठला दशांशच आला नाही."

मी आधी मनात म्हटलं, गुणाकार चुकला असणार. तिच्यासमोरच कागदावर केला. पाचशे नऊ गुणिले पन्नास म्हणजे पंचवीस हजार चारशे पन्नास. पाचशे नऊ गुणिले नऊ म्हणजे चार हजार पाचशे एक्क्याऐंशी. बेरीज तीस हजार एकतीस. बाईचं बरोबर होतं. ५९ × ५०९ = ३००३१. माझी "नवी मूळ संख्या" मूळ नव्हतीच.

मग तिने जे विचारलं, त्याचं उत्तर मला तिथे उभ्या उभ्या देता आलं नाही. "म्हणजे बाई, मग यादी संपते का?"

तिचा प्रश्न अगदी रास्त होता. यादी संपत नाही याचं कारण म्हणून मी जे सांगितलं होतं, तेच कोसळलं होतं. कारण खोटं निघालं, तर निष्कर्षावर तरी विश्वास का ठेवायचा? मी तिला दोन दिवसांनी यायला सांगितलं, आणि घरी जाऊन जे बावीस वर्षांपूर्वीच करायला हवं होतं ते केलं. मूळ ग्रंथ उघडला.

हा युक्तिवाद युक्लिडचा म्हणून ओळखला जातो. युक्लिड ग्रीक भाषेत लिहायचा. इसवी सनापूर्वी सुमारे ३०० च्या आसपास, इजिप्तच्या किनाऱ्यावरच्या अलेक्झांड्रिया शहरात. त्याच्या ग्रंथाचं नाव 'एलिमेंट्स', म्हणजे मूलतत्त्वं. त्याचे तेरा भाग आहेत. आपल्याला शाळेत त्यातली भूमिती भेटते, पण सातवा, आठवा आणि नववा हे भाग संख्यांचे आहेत. आपला युक्तिवाद नवव्या भागातलं विसावं विधान आहे. मी वाचला तो टॉमस हीथ यांनी केलेला इंग्रजी अनुवाद, १९०८ साली पहिल्यांदा छापलेला.

असा ग्रंथ आपल्यापर्यंत येतो तो हातांहातांतून. युक्लिडच्या हातची प्रत कुठेच नाही. त्याच्यानंतर सहाशेहून अधिक वर्षांनी त्याच अलेक्झांड्रियात थिऑन नावाच्या गणितज्ञाने या ग्रंथाची नवी आवृत्ती सिद्ध केली, आणि पुढच्या बहुतेक हस्तलिखित प्रती तिच्यावरून उतरल्या. थिऑनची मुलगी हायपेशिया. ती स्वतः गणित आणि तत्त्वज्ञान शिकवायची. ४१५ साली जमावाने तिचा खून केला. वडिलांचं काम टिकलं, तिचं मात्र तिच्या नावाने जवळजवळ काहीच उरलं नाही. ऑक्सफर्डच्या ग्रंथालयात ८८८ साली उतरवलेली एक संपूर्ण प्रत आहे. ती करवून घेणाऱ्याने तिच्यासाठी चौदा सोन्याची नाणी मोजली होती. पुढे अरबी भाषांतरं झाली आणि अरबीतून अठराव्या शतकात जयपूरच्या सवाई जयसिंगाच्या आश्रयाने जगन्नाथ पंडितांनी हा ग्रंथ संस्कृतात आणला. त्याचं नाव 'रेखागणित'. तो छापला गेला आपल्या मुंबईत, १९०१ आणि १९०२ साली, दोन खंडांत.

आता युक्लिड नेमकं काय म्हणतो ते पाहू. त्याच्याकडे आपल्यासारखी चिन्हं नव्हती. संख्या म्हणजे त्याच्या लेखी एक रेघ, एखाद्या पट्टीसारखी. "तीनने सहाला भाग जातो" असं तो म्हणत नाही. तो म्हणतो, "तीन सहाला मोजते", म्हणजे तीन लांबीची काठी सहा लांबीच्या पट्टीवर ठेवत गेलं तर ती बरोबर बसते, काही उरत नाही. शिवणकाम करणाऱ्या बाईला हे मी फळ्यावर सांगितलं त्यापेक्षा लवकर कळलं असतं. आपणही तसंच करू.

समजा आपल्याकडे तीन काठ्या आहेत, दोन विती, तीन विती आणि पाच विती लांबीच्या. एक लांब नाडी घ्या, तिन्ही काठ्यांनी बरोबर मोजली जाईल अशी. सगळ्यांत आखूड अशी नाडी तीस वितींची. दोनची काठी पंधरा वेळा बसते, तीनची दहा वेळा, पाचची सहा वेळा. आता त्या नाडीला फक्त एक वीत जोडा. एकतीस. दोनची काठी पुन्हा ठेवत चला. पंधरा वेळा बसली आणि एक वीत उरली. तीनची दहा वेळा बसली, एक वीत उरली. पाचची सहा वेळा, पुन्हा एक वीत. जोडलेला तुकडा प्रत्येक काठीला आडवा येतो, कारण प्रत्येक काठी एका वितीपेक्षा लांब आहे.

हेच आठवडी बाजाराच्या भाषेत सांगते. आपल्या गावचा बाजार सोमवारी. दर सात दिवसांनी तो भरतो. आज सोमवार असेल तर उद्या बाजार असूच शकत नाही. दुसऱ्या एखाद्या गावचा बाजार दर पाच दिवसांनी भरतो असं धरा, तिसरीकडे दर तीन दिवसांनी. ज्या दिवशी तिन्ही बाजार एकत्र येतात, त्याच्या दुसऱ्या दिवशी यांपैकी एकही बाजार नसतो. गुणाकार म्हणजे सगळे बाजार एकत्र आल्याचा दिवस. अधिक एक म्हणजे त्याचा दुसरा दिवस.

म्हणून गुणाकारच घ्यावा लागतो. एका मुलाने मला एकदा विचारलं होतं, "बेरीज करून एक मिळवला तर?" करून पाहा. २, ५ आणि ७ यांची बेरीज १४, अधिक एक १५. पंधराला पाचने भाग जातो आणि पाच तर आपल्याच यादीत आहे. बेरजेच्या दिवशी सगळे बाजार एकत्र आलेले नसतात, त्यामुळे दुसऱ्या दिवशीही एखादा भरू शकतो.

इथपर्यंत हाती एवढंच आलं, की गुणाकार अधिक एक या संख्येला यादीतली कोणतीही मूळ संख्या भागत नाही. आता पुढची पायरी, जिथे मी घसरले होते. मी लगेच म्हणायचे, "म्हणजे ती मूळ आहे." युक्लिड तसं म्हणत नाही. तो थांबतो आणि म्हणतो, ही नवी संख्या मूळ तरी असेल, नाहीतर नसेल.

मूळ असेल तर प्रश्न मिटला. ती यादीत नव्हती, कारण यादीतल्या प्रत्येक संख्येपेक्षा ती मोठी आहे. नवी मूळ संख्या मिळाली.

मूळ नसेल, तर कोणती तरी मूळ संख्या तिला मोजते. हे त्याने सातव्या भागात आधीच दाखवून ठेवलं आहे, आणि त्याचं कारण मला फार आवडतं. संख्या मूळ नाही म्हणजे तिच्याहून लहान अशी एखादी संख्या तिला मोजते. ती लहान संख्या मूळ असेल तर झालंच. नसेल तर तिच्याहूनही लहान एखादी तिला मोजते, आणि जी लहानीला मोजते ती मोठीलाही मोजते. असं खाली खाली उतरत गेलं तर कुठेतरी थांबावंच लागतं. विहिरीच्या पायऱ्या उतरताना तळ लागतो, तसा पूर्ण संख्यांनाही तळ आहे. जिथे थांबतो ती मूळ संख्या असते.

आता ही जी मूळ संख्या मिळाली, ती आपल्या यादीतली असू शकेल का? असती, तर तिने गुणाकारालाही मोजलं असतं आणि गुणाकार अधिक एकलाही मोजलं असतं. म्हणजे दोहोंमधल्या फरकालाही मोजलं असतं. फरक आहे एक. दोन वितींची किंवा त्याहून लांब काठी एक वीत कशी मोजणार? ते शक्य नाही. म्हणून ती यादीबाहेरचीच.

दोन्ही वाटांनी यादीबाहेरची एक मूळ संख्या हाती येते. कधी ती गुणाकार अधिक एक हीच असते, कधी ती त्याच्या पोटात लपलेली असते. संपूर्ण युक्तिवाद एवढाच आहे. मी पहिली वाट शिकवत होते आणि दुसरी गाळत होते.

आता त्या बाईचा ३००३१ पुन्हा हातात घ्या. यादी होती २, ३, ५, ७, ११, १३. गुणाकार ३००३०. या सहांपैकी एकीनेही ३००३१ ला भागून पाहायची गरज नाही. बाकी एक येणार हे आधीच ठरलेलं आहे. बाईने तीनने भागलं होतं, पंधराने आणि एकवीसनेही भागलं होतं. तीनच जात नाही, तर पंधरा आणि एकवीस कुठून जाणार? तेव्हा सुरुवात करायची ती सतरापासून, आणि तीही फक्त मूळ संख्यांनी. सतराने भागलं की बाकी नऊ. एकोणीसने अकरा. तेवीसने सोळा, एकोणतीसनेही सोळाच. एकतीसने तेवीस, सदतीसने चोवीस, एक्केचाळीसने एकोणीस, त्रेचाळीसने सतरा, सत्तेचाळीसने पंचेचाळीस, त्रेपन्नने तेहतीस. आणि अकरावा भागाकार एकोणसाठचा. बाकी शून्य, भागाकार पाचशे नऊ.

एकोणसाठ मूळ आहे हे वेगळं तपासावं लागत नाही. तिला एखाद्या लहान संख्येने भाग गेला असता, तर त्याच संख्येने ३००३१ लाही भाग गेला असता आणि ती आपल्याला आधीच भेटली असती. पाचशे नऊचंही तसंच. तिला पोटात लहान मूळ संख्या असती, तर ती दोन ते एकोणीसमधलीच असती, कारण तेवीस गुणिले तेवीस म्हणजे पाचशे एकोणतीस, पाचशे नऊच्या पलीकडे. आणि त्यांतली एकही ३००३१ ला भागत नाही. म्हणजे ५०९ सुद्धा मूळ. सहा जणींच्या यादीतून दोन नव्या जणी बाहेर आल्या.

दोन दिवसांनी ती आली तेव्हा मी तिला हेच सांगितलं. "ताई, तुम्ही युक्लिडला खोटं पाडलं नाहीत. तुम्ही मला खोटं पाडलंत. युक्लिडने सांगितलेली नवी मूळ संख्या तुम्हाला सापडली होती, एकोणसाठ. मी तुम्हाला चुकीच्या जागी शोधायला लावलं होतं."

ती म्हणाली, "मग पोरीच्या वहीत काय लिहायचं?" मी तिच्या वहीतलं माझं वाक्य खोडून त्याखाली लिहिलं: गुणाकार अधिक एक या संख्येचा प्रत्येक मूळ अवयव यादीबाहेरचा असतो. दुसऱ्या दिवशी वर्गातही तेच सांगितलं. आधीच्या एकवीस वर्षांच्या मुलांपर्यंत मात्र पोचायचा काही मार्ग नव्हता.

ही चूक येते कुठून, याचाही मी नंतर माग काढला. ती नुसती माझी नव्हती. अनेक पुस्तकांत हा युक्तिवाद उलटा मांडलेला असतो. "समजा मूळ संख्या मर्यादित आहेत आणि ही त्यांची संपूर्ण यादी. गुणाकार अधिक एक घ्या. तिला यादीतली कोणीच भागत नाही. पण यादीबाहेर मूळ संख्या नाहीतच, म्हणून ती स्वतः मूळ ठरते. पण ती यादीत नाही. विसंगती!" हा मांडणीचा प्रकार तर्काने बरोबर आहे. पण त्यातलं "म्हणून ती मूळ ठरते" हे वाक्य एका खोट्या गृहीतकाच्या घरातलं आहे. घर पाडल्यावर ते वाक्यही ढिगाऱ्यातच टाकायला हवं. आम्ही शिक्षक ते उचलून बाहेर आणतो आणि खरं म्हणून शिकवतो. पहिली चार-पाच उदाहरणं साथही देतात, त्यामुळे शंका येत नाही. २३११ पर्यंत सगळं ठीक, ३००३१ ला फसगत. त्याच्या पुढे सतरा घेतला तरी तेच. ५१०५११ म्हणजे १९ × ९७ × २७७.

इंग्रज गणितज्ञ जी. एच. हार्डी यांनीसुद्धा १९४० च्या आपल्या पुस्तकात हा युक्तिवाद विसंगतीच्याच वाटेने सांगितला आहे. युक्लिडने असं गृहीत कधी धरलंच नव्हतं, हे मायकल हार्डी आणि कॅथरीन वुडगोल्ड या दोघांनी २००९ साली एका गणिती नियतकालिकात लेख लिहून दाखवून दिलं. युक्लिडच्या विधानात 'अनंत' हा शब्द नाही. तो म्हणतो, कितीही मूळ संख्या समोर ठेवा, त्यांच्याहून अधिक आहेत. तुम्ही यादी आणा, मी तिच्याबाहेरची एक दाखवतो. पुढच्या वेळी ती जोडून मोठी यादी आणा, मी पुन्हा एक दाखवतो. यात कुठे काही खोटं मानावं लागत नाही. त्याने उदाहरणाला तीनच मूळ संख्या घेतल्या, कारण "हव्या तितक्या" असं लिहायला त्याच्याकडे चिन्हच नव्हतं. पण तीन या आकड्याचा काहीही फायदा त्याने उठवलेला नाही. तिथे तीस संख्या ठेवल्या तरी एकही वाक्य बदलत नाही.

आणि यादी सुरुवातीपासून सलग असायलाही हवी असं नाही. ३, ५ आणि ११ घ्या. गुणाकार १६५, अधिक एक १६६, म्हणजे २ × ८३. मिळालेली एक नवी संख्या चक्क दोन! नवी म्हणजे आपल्या यादीला नवी, आकाराने मोठी असं नव्हे.

या युक्तिवादाला मर्यादाही आहेत. पुढची मूळ संख्या कोणती ते तो सांगत नाही. तेराच्या पुढची सतरा, आणि आपल्याला मिळाली ती एकदम एकोणसाठ. मधल्या दहा जणी त्याने ओलांडल्या. शिवाय मोठ्या गुणाकाराचे अवयव शोधणं ही वेगळीच डोकेदुखी आहे. २०२४ साली सापडलेली एक मूळ संख्या चार कोटी दहा लाखांहून जास्त अंकांची आहे, पण ती शोधायला पूर्ण वेगळी पद्धत वापरावी लागली. युक्लिड एवढंच ठामपणे सांगतो, की तिच्याहून मोठीही आहेच.

काही खास मूळ संख्यांपुढे ही युक्ती हातही टेकते. सोफी जर्मेन ही पॅरिसमधली गणितज्ञ, १७७६ साली जन्मलेली. बाईचं गणित कोणी गंभीरपणे घेणार नाही म्हणून तिने लब्लां या पुरुषी नावाने मोठ्या गणितज्ञांना पत्रं लिहिली. तिने अशा मूळ संख्यांवर काम केलं, ज्यांची दुप्पट अधिक एक केली तरी उत्तर मूळच येतं. ५ ची ११, ११ ची २३, २३ ची ४७. पण ७ ची १५, म्हणून सात त्यात नाही. या सोफी जर्मेन संख्यांची यादी संपते की नाही, हे आजतागायत सिद्ध झालेलं नाही. आपल्या युक्तीने मिळणारी संख्या यादीबाहेरची मूळ असते हे खरं, पण तिची दुप्पट अधिक एक मूळ असेल याची हमी ती देत नाही.

आता ती पेन्सिल घ्या. त्या बाईला मी शेवटी एक खेळ दिला होता, तो तुम्हालाही देते. सुरुवात फक्त दोनने. यादीत आहेत त्यांचा गुणाकार, अधिक एक, आणि जी संख्या येईल तिचा सगळ्यांत लहान मूळ अवयव यादीत टाकायचा. दोन अधिक एक, तीन. मग २ × ३ + १, सात. मग २ × ३ × ७ + १, त्रेचाळीस. पुढे गुणाकार १८०६, अधिक एक १८०७. ही मूळ नाही, १३ × १३९ आहे. म्हणून यादीत तेरा. पुढे २३४७८, अधिक एक २३४७९, म्हणजे ५३ × ४४३. यादीत त्रेपन्न. पुढे १२४४३३४, अधिक एक १२४४३३५. शेवटी पाच आहे, म्हणजे पाचने भाग जातो. इतका वेळ बाहेर राहिलेली पाच, आता आली. त्याच्या पुढची येते ६२२१६७१, आणि ती स्वतःच मूळ आहे.

ही साखळी १९६३ साली अल्बर्ट मलिन यांनी मांडली आणि विचारलं, अशा रीतीने प्रत्येक मूळ संख्या कधी ना कधी यादीत येते का? साखळी थांबणार नाही, एवढं युक्लिडमुळे नक्की आहे. पण सगळ्या येतील का, हे कुणालाच ठाऊक नाही. पन्नासेक पायऱ्यांनंतर जी संख्या येते ती तीनशेहून अधिक अंकांची आहे आणि तिचे अवयव पाडता आलेले नाहीत. सदतीसपर्यंतच्या सगळ्या येऊन गेल्या आहेत. एक्केचाळीस अजून आलेली नाही.